आपल्या आधी किती जण?

बारावीच्या परीक्षेचा पहिला दिवस. केंद्राच्या फाटकाशी लावलेल्या फळ्यासमोर गर्दी. हातात हॉल तिकीट, त्यावर मोठ्या अक्षरात छापलेला बैठक क्रमांक, आणि त्या क्रमांकाचा धारक मात्र विचारतोय, "सर, मी बसू कुठे?" अनेक वर्षं परीक्षेच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की एक दिवस त्यातली विसंगती लख्ख दिसली. त्या क्रमांकाचं नावच 'बैठक क्रमांक' आहे. पण बैठक नेमकी कुठे आहे, एवढंच तो सांगत नाही.

तो सांगू शकणारही नाही. आपल्या राज्य मंडळाचे नऊ विभाग आहेत आणि बैठक क्रमांक विभागाच्या पातळीवर दिला जातो. सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सहा आकडे, अशी त्याची ठेवण असते. तुमच्या केंद्रातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बाकांच्या किती रांगा आहेत, हे क्रमांक देणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. तो क्रमांक म्हणजे माणसाची ओळख. ब्लॉक चौथा, रांग 'ड', जागा चौथी, ही झाली जागेची खूण. ओळखीपासून जागेपर्यंतचा रस्ता केंद्राला स्वतःच बांधावा लागतो. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शिपाई आणि शिक्षक बाकांवर खडूने नंबर टाकत फिरतात, तेव्हा ते हाच रस्ता बांधत असतात.

आता हे काम बहुतेक ठिकाणी संगणकावरच्या एक्सेलसारख्या तक्त्यात होतं. क्रमांकांची यादी तयार असते. तिच्यासमोर 'ड-४' अशी खूण आपोआप यावी, एवढीच अपेक्षा. दिसायला काम दहा मिनिटांचं आहे. पण त्यात तीन-चार ठिकाणी पाय घसरतो, आणि घसरला की त्याची किंमत पेपरच्या पहिल्या दहा मिनिटांत मुलं मोजतात. म्हणून ते नीट समजून घेऊ.

अक्षर कशासाठी?

पहिला प्रश्न अगदी साधा. रांगेला अक्षर आणि जागेला आकडा असंच का? दोन्हींना आकडे दिले तर काय बिघडेल?

तिसऱ्या रांगेतली चौथी जागा '३-४' अशी लिहिली, तर वाचणाऱ्याला आधी रांग की आधी जागा हे आठवावं लागतं. घाईत निम्मे जण चौथ्या रांगेतल्या तिसऱ्या जागेवर जातील. 'क-४' उलट वाचलं तरी अर्थ तोच राहतो, कारण अक्षर रांगेचंच असणार. नाट्यगृहाच्या तिकिटावर अक्षर आणि आकडा यांची जोडी असते, तीही याचसाठी. शिवाय संगणकाचा एक खोडा आहे. तक्त्याच्या चौकटीत 3-4 असं टाइप केलं की तो त्याला तारीख समजतो आणि चौकटीत महिना उगवतो. अक्षर असलं की ही भानगड मुळातच टळते.

अक्षरं कोणती घ्यायची, यालाही थोडा विचार लागतो. इंग्रजी अक्षरं घेणारे पुष्कळ ठिकाणी I आणि O गाळतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. मराठीत आपली वेगळी अडचण आहे. वर्गाच्या तुकड्यांप्रमाणे अ, ब, क, ड, इ असं लावलं, तर खडूने लिहिलेले 'ड' आणि 'इ' लांबून जवळजवळ सारखेच दिसतात. शेजारशेजारच्याच दोन रांगा, आणि दोघींची नावं एकमेकींसारखी. म्हणून मी 'इ' गाळतो आणि अ, ब, क, ड, फ अशा पाच रांगा धरतो. एखादा विद्यार्थी 'इ रांग कुठे गेली?' असं विचारेल, पण चुकीच्या रांगेत बसणार नाही.

गणित करण्याआधीचा प्रश्न

आता मुख्य गोष्ट. एक उदाहरण धरून चालू. क्रमांक कल्पित आहेत, पण ठेवण खऱ्यासारखीच ठेवली आहे.

एका केंद्रावर जीवशास्त्राच्या पेपरला १८७ परीक्षार्थी आहेत. एका ब्लॉकमध्ये २५ जण बसतात, पाच रांगा आणि प्रत्येक रांगेत फळ्यापासून मागे पाच जागा. केंद्रावरचा पहिला बैठक क्रमांक M041168 आहे. एका मुलीचा क्रमांक M041273. तिची जागा कोणती?

पटकन सुचणारा मार्ग म्हणजे वजाबाकी. 41273 मधून 41168 वजा केले की १०५ उरतात. म्हणजे तिच्या आधी १०५ जण. पंचवीसचे चार ब्लॉक भरून पाच उरतात, म्हणजे ती पाचव्या ब्लॉकमध्ये 'ब' रांगेत पहिली. हिशेब स्वच्छ दिसतो, पण उत्तर चुकीचं आहे.

कारण मधले सगळे क्रमांक या पेपरला नसतात. विज्ञान शाखेतल्या काही मुलांनी गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेलं असतं. त्यांचे क्रमांक मालिकेत असतात, पण या पेपरच्या यादीत नसतात. आपल्या उदाहरणात पहिल्या क्रमांकापासून या मुलीपर्यंत असे १२ जण गळले आहेत. तेव्हा तिच्या आधी प्रत्यक्ष बसणारे १०५ नव्हे, ९३ आहेत. वजाबाकीने जागा लावली असती तर त्या १२ जणांसाठी १२ बाक रिकामे राहिले असते आणि शेवटी तेवढ्याच मुलांना जागा कमी पडली असती.

म्हणून बैठक क्रमांकाशी गणित करायचंच नाही. त्याला विचारायचं ते एवढंच: या यादीत तुझ्या आधी किती जण आहेत? उत्तर मिळालं की बैठक क्रमांकाचं काम संपलं. पुढचा सगळा हिशेब या 'आधीच्यां'चा.

हा प्रश्न अशा शब्दांत विचारण्याचं आणखी एक कारण आहे. यादीत ती मुलगी ९४वी आहे, पण तिच्या आधी आहेत ९३. आपण सगळे एकापासून मोजायला शिकलेलो असतो, म्हणून हातात ९४ हा आकडा येतो. जागा लावायला मात्र ९३ लागतो. यादीतल्या पहिल्या मुलाच्या आधी कोणीही नाही, म्हणजे त्याचा आकडा शून्य. हे मनाशी पक्कं झालं की पुढचं गणित तिसरीतल्या भागाकाराइतकं सोपं होतं.

भागाकार आणि बाकी

आधीच्या ९३ जणांना बसवून पाहू. ते पहिले तीन ब्लॉक पूर्ण भरतात, म्हणजे ७५ जण झाले. उरले १८. म्हणजे आपली मुलगी चौथ्या ब्लॉकमध्ये.

ते १८ जण चौथ्या ब्लॉकमध्ये बसतात. अ, ब, क या तीन रांगा पूर्ण भरतात, म्हणजे १५ झाले. उरले ३. म्हणजे आपली मुलगी 'ड' रांगेत. आणि 'ड' रांगेत तिच्या आधी तिघं बसली आहेत, म्हणून तिची जागा चौथी.

ब्लॉक ४, ड-४. कागद-पेन्सिलीने एवढंच. भागाकार सांगतो की आधीच्यांनी किती ब्लॉक आणि किती रांगा भरल्या. बाकी सांगते की शेवटच्या अपुऱ्या रांगेत किती जण आपल्या पुढे आहेत. त्यात एक मिळवला की आपली जागा.

तक्त्यात हेच लिहायला दोन क्रिया पुरतात. `INT` भागाकारातला पूर्णांक देते आणि `MOD` बाकी देते. बैठक क्रमांक A या उभ्या स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून १८८व्या ओळीपर्यंत आहेत असं धरू. पहिल्या ओळीत मथळे.

```
B2: =COUNTIF($A$2:$A$188,"<"&A2)
C2: =INT(B2/25)+1
D2: =MOD(B2,25)
E2: =MID("अबकडफ",INT(D2/5)+1,1)&"-"&(MOD(D2,5)+1)
```

ही चार सूत्रं दुसऱ्या ओळीत लिहून खालपर्यंत ओढली की यादी तयार. B स्तंभ 'आपल्या आधी किती' हा प्रश्न विचारतो: यादीत या क्रमांकापेक्षा लहान क्रमांक किती आहेत ते मोजा. C मध्ये ब्लॉक येतो. D मध्ये ब्लॉकच्या आत आपल्या आधी किती जण ते येतं. E मध्ये `MID` त्या अक्षरमाळेतून हवं ते एक अक्षर उचलतो आणि त्याला जागेचा आकडा जोडतो. आपल्या मुलीच्या ओळीत B मध्ये 93, C मध्ये 4, D मध्ये 18 आणि E मध्ये ड-4 दिसेल.

अक्षरं अशी माळ करून लिहिण्याऐवजी बरेच जण संगणकाच्या सांकेतिक क्रमांकावरून अक्षर काढतात. इंग्रजीत `CHAR(65)` म्हणजे A, `CHAR(66)` म्हणजे B. एखाद्या मोठ्या सभागृहात २६पेक्षा जास्त रांगा असल्या तर Z नंतर `CHAR(91)` येतो, आणि तो चौकोनी कंस आहे. सत्ताविसाव्या रांगेतल्या मुलाच्या हातात कंस आणि आकडा पडतो. मराठीत तर हा मार्ग पहिल्याच पावलाला अडतो. `UNICHAR(2309)` म्हणजे 'अ', पण त्यापुढे 'ब' येत नाही. वर्णमालेप्रमाणे आ, इ, ई, उ येतात. अ, ब, क, ड ही आपली व्यवहारातली रूढी आहे आणि ती संगणकाला शिकवावी लागते. अक्षरमाळ स्वतः लिहिली की नको ती अक्षरं गाळताही येतात.

एकचा घोळ

या कामात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'आधी किती' ऐवजी 'कितवा' हा आकडा वापरणं. अनुक्रमांकाचा स्तंभ आयता तयार असतो, म्हणून मोह होतो.

पाचव्या मुलाचं काय होतं पाहा. पाचला पाचाने भागलं की भागाकार एक आणि बाकी शून्य. एक पूर्ण रांग भरली असं संगणक समजतो आणि मुलाला दुसऱ्या रांगेत शून्याव्या जागेवर पाठवतो. खूण येते 'ब-०'. अशी जागा नाही, त्यामुळे निदान चूक दिसते तरी.

खरी पंचाईत पुढे होते. ते शून्य पाहून कोणीतरी सूत्रात दुरुस्ती करतो: बाकी शून्य आली तर पाच लिही. आता सगळ्या खुणा खऱ्या वाटायला लागतात, पण पाचवा मुलगा 'अ-५' ऐवजी 'ब-५' वर गेलेला असतो. दहावा 'क-५' वर. पंचविसाव्याला तर सहावी रांग लागते, जी त्या खोलीत नाहीच. 'अ' रांगेतली शेवटची जागा रिकामी राहते. ही चूक वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही, कारण पहिली चार नावं अगदी बरोबर असतात आणि आपण तपासतो ती पहिली दोन-तीनच.

याचा उपाय म्हणजे तपासायच्या जागा बदलणं. मधल्या कुठल्या तरी जागा पाहून उपयोग नाही. जिथे काहीतरी संपतं आणि काहीतरी सुरू होतं, तिथे पाहायचं. आपल्या उदाहरणात अशा सहा जागा आहेत. पहिला मुलगा ब्लॉक १ मध्ये अ-१ वर हवा. पाचवा अ-५ वर आणि सहावा ब-१ वर. पंचविसावा फ-५ वर आणि सव्विसावा ब्लॉक २ मध्ये अ-१ वर. शेवटचा १८७वा: त्याच्या आधी १८६, त्यातले १७५ सात ब्लॉकमध्ये बसले, उरले ११, दोन रांगा भरून एक उरला. म्हणजे ब्लॉक ८, क-२. शेवटच्या ब्लॉकमध्ये अ आणि ब या रांगांचे पाच-पाच आणि 'क'चे दोन, एकूण १२ बाक भरलेले हवेत. या सहा जागा बरोबर आल्या की मधल्या चुकण्याची शक्यता फार थोडी उरते.

उलट हिशेबही करून पाहावा. ब्लॉक ४, ड-४ या खुणेवरून मागे जायचं: आधीचे तीन ब्लॉक म्हणजे ७५, आधीच्या तीन रांगा म्हणजे १५, रांगेतले आधीचे तीन. बेरीज ९३. निघालो होतो तिथेच पोचलो. परीक्षेच्या वेळी एखादी उत्तरपत्रिका कोणत्या जागेवरून आली हे शोधायला हाच उलटा रस्ता कामाला येतो.

यादीच बिघडलेली असते तेव्हा

सूत्र बरोबर असूनही खूण चुकते, तेव्हा दोष बहुधा यादीत असतो. एकाच यादीत M041273 आणि त्याच्या मागे नकळत पडलेली मोकळी जागा, असे दोन प्रकार मिसळले की संगणक त्यांना वेगळे समजतो. क्रमांकाच्या आधी मोकळी जागा पडली असेल, तर तो क्रमांक सगळ्यांच्या आधी जाऊन अ-१ वर बसतो आणि खरं तर त्याच्या आधी असलेले सगळे एकेक जागा मागे सरकतात. म्हणून सूत्र लावण्याआधी `TRIM` ने यादी झाडून घ्यावी. एकच क्रमांक दोनदा आला, तर दोघांच्या आधीची माणसं तेवढीच, म्हणून दोघांना एकच खूण मिळते आणि पुढची एक खूण कोणालाच मिळत नाही. ब्लॉक आणि खूण ही जोडी दोनदा आलेली दिसली, तर सूत्र बदलू नका. यादीत तोच क्रमांक दोनदा आलाय का ते पाहा.

क्रमांकाच्या सुरुवातीचं अक्षरही काढून टाकू नये. अक्षर आहे तोवर संगणक त्या क्रमांकाला मजकूर मानतो आणि M004217 मधली शून्यं शाबूत राहतात. अक्षर काढलं की 004217 चा 4217 होतो. अक्षराशिवाय नुसते आकडे मजकूर म्हणून ठेवले, तर वरचं `COUNTIF` त्यांची तुलना नीट करत नाही. महाविद्यालयीन परीक्षांत काही विद्यापीठांचे कायम नोंदणी क्रमांक सोळा आकडी असतात. एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडे अचूक राहत नाही. सोळावा आकडा शून्य होऊन बसतो, आणि शेजारशेजारचे दहा विद्यार्थी एकाच क्रमांकाचे होतात. असे क्रमांक तक्त्यात आणण्याआधी तो स्तंभ 'मजकूर' म्हणून ठरवून घ्यावा. एकदा शून्य झालेला आकडा नंतर परत येत नाही.

एका रात्रीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका केंद्रावर मी मदतीला होतो. तिथे वरच्या `COUNTIF` ऐवजी तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक वापरला होता. `ROW()-2` असं लिहिलं की दुसऱ्या ओळीत शून्य येतं, तिसऱ्या ओळीत एक, आणि हिशेब बरोबर जुळतो. संध्याकाळी बाकांवर नंबर टाकून झाले. रात्री कोणीतरी कार्यालयात आडनावाप्रमाणे यादी हवी म्हणून तोच तक्ता आडनावावर लावला आणि दारावर चिकटवायचे तक्ते त्यानंतर छापले. ओळींचा क्रम बदलला, खुणा मात्र ओळींनाच चिकटून राहिल्या. पहिल्या आडनावाच्या मुलाला अ-१ मिळालं, मग त्याचा बैठक क्रमांक काहीही असो.

सकाळी दारावर एक जागा आणि बाकावर दुसरी. मुलं दारावरच्या कागदाप्रमाणे आत गेली आणि बाकावर दुसऱ्याचा क्रमांक पाहून उभीच राहिली. सुदैवाने बाकावरचे नंबर बरोबर होते. दारावरचे कागद काढून टाकले आणि प्रत्येकाने आपला क्रमांक बाकावर शोधला. पेपर वेळेवर सुरू झाला, पण एका मुलीच्या डोळ्यांतलं पाणी मला अजून आठवतं. तिचा काहीही दोष नव्हता.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी पाळतो. एक, खूण बैठक क्रमांकावरूनच निघाली पाहिजे, ओळीच्या जागेवरून नाही. वरच्या सूत्राने यादी कशीही लावा, M041273 ला ड-४ च मिळतं. दोन, खुणा एकदा तपासून झाल्या की त्या गोठवायच्या: सगळा स्तंभ कॉपी करून 'फक्त मूल्यं' म्हणून परत चिकटवायचा. सूत्र निघून जातं, खूण उरते.

गोठवण्याचं दुसरं कारण म्हणजे उशिरा आलेला परीक्षार्थी. आदल्या दिवशी एक क्रमांक वाढला आणि तो यादीच्या मध्ये बसणारा असला, तर जिवंत सूत्र त्याच्या पुढच्या प्रत्येकाला एकेक जागा सरकवतं. खडूने टाकलेले शंभर नंबर पुसायचे का? त्याला शेवटच्या ब्लॉकमधली पुढची रिकामी जागा द्यावी, आपल्या उदाहरणात क-३. क्रम थोडा मोडला तरी चालेल, बाकीच्या १८७ जणांची जागा मोडू नये. हेच गैरहजर मुलाबाबत. त्याची जागा रिकामीच राहू द्यावी. मागच्यांना पुढे सरकवलं की खूण आणि माणूस यांचं नातं तुटतं आणि मग हजेरीपटाचा काही भरवसा राहत नाही.

खोल्या सारख्या नसतात तेव्हा

आतापर्यंत प्रत्येक ब्लॉक २५ चा आणि प्रत्येक रांग पाचाची धरली. खऱ्या इमारतीत एक खोली प्रयोगशाळेची असते आणि तिथे अठराच बाक मावतात. कुठे खांबामुळे एका रांगेत चारच बाक. अशा ठिकाणी पंचविसाने भागणारं सूत्र हट्टाने वापरलं, तर ते खांबात बाक दाखवतं.

तेव्हा भागाकार सोडून द्यावा आणि एक वेगळं पान करावं. प्रत्यक्ष खोल्यांत फिरून, आहेत त्या जागांची यादी त्याच क्रमाने लिहावी: 1/अ-1, 1/अ-2, अशी शेवटच्या बाकापर्यंत. मथळा नको, पहिल्या ओळीपासूनच जागा. या पानाला `Seats` नाव दिलं, तर खूण काढण्याचं सूत्र एवढंच उरतं:

```
=INDEX(Seats!$A:$A,B2+1)
```

आपल्या आधी ९३ जण असतील, तर यादीतली ९४वी जागा आपली. खोल्या कशाही वेड्यावाकड्या असोत, 'आपल्या आधी किती' हा प्रश्न बदलत नाही. बदलते ती फक्त जागांची यादी. ती यादी करायला दोन तास लागतात, पण इमारत बदलत नाही तोवर दरवर्षी तीच वापरता येते.

कागदावर उतरताना

शेवटचा टप्पा नकाशाचा. दारावरच्या तक्त्यात 'अ' रांग डावीकडे काढली. पण कोणाच्या डावीकडे? फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलांच्या की टेबलाशी उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाच्या? दोघांची डावी बाजू एकमेकांविरुद्ध असते. शिक्षक टेबलाशी उभा राहून नकाशा काढतो आणि मुलं दारातून येऊन तो वाचतात, म्हणून 'अ' रांगेतली मुलं 'फ' रांगेत जाऊन बसतात. खुणांचं गणित बिनचूक असूनही हे घडतं. नकाशावर फळा कुठे आणि दार कुठे एवढं दाखवलं आणि 'अ' रांग नेहमी दाराकडची ठेवली, की प्रश्न मिटतो. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिली दिसते ती दाराजवळचीच रांग.

फाटकावरच्या फळ्यावर ही सगळी खूण लिहायची गरज नाही. तिथे मुलाला फक्त ब्लॉक हवा असतो, म्हणून पहिला आणि शेवटचा क्रमांक आणि ब्लॉक एवढं पुरे. ब्लॉकच्या दारावर पंचवीस क्रमांक आणि त्यांच्या खुणा असाव्यात. बाकावर क्रमांक आणि खूण दोन्ही असावीत, म्हणजे कागद आणि बाक एकमेकांची साक्ष देतील.

ज्यांच्याकडे हे काम येतं, त्या शिक्षकांना आणि लिपिकांना एक विनंती. खडू हातात घेण्याआधी छापलेला कागद घेऊन एकदा खोल्यांतून चाला. पहिला, पाचवा, सहावा, पंचविसावा, सव्विसावा आणि शेवटचा, या सहा बाकांपाशी थांबा आणि कागदावरचा क्रमांक तिथेच पडतो का ते पाहा. सहाही जुळले तर दिवे मालवून घरी जा. एक जरी जुळला नाही तरी बाकावर एकही नंबर टाकू नका. परत तक्त्याकडे जा आणि B स्तंभ नीट पाहा: तिथे 'कितवा' लिहिलंय की 'आधी किती'?